रेवा, स्वाती, दुसरा चरण

बारशाच्या फोटोखाली नावाचा अर्थ लिहायची रीत आता घरोघरी रुजली आहे. पूर्वी आत्यानं कानात नाव सांगितलं, पाळणा हलला, घुगऱ्या आणि सुंठवडा वाटला की कार्य पार पडायचं. अर्थ विचारावा असं कुणाला वाटत नसे, कारण नावं ओळखीची असत. सुमन, विजय, शालिनी, प्रकाश. नाहीतर घरात आधीची एखादी गोदावरी होऊन गेलेली असे आणि तिचंच नाव पुन्हा पाळण्यात येई. आता नाव बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदाच पडतं. घुगऱ्यांची वाटी हातात घेताघेताच पाहुणे विचारतात, 'छान आहे हो, पण म्हणजे काय?' त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पाळण्यामागच्या फलकावर आणि संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना जाणाऱ्या फोटोखाली चार ओळी लागतात.

आमच्या घरात त्या चार ओळी माझ्याकडे आल्या. धाकट्या भावाला मुलगी झाली, नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि भाऊ म्हणाला, 'ताई, कानात तू सांगणार, तर फोटोखालीही तूच लिही.' नाव ठरलेलं होतं: रेवा. मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. पण बारशाच्या आधीचे सगळे दिवस त्यात गेले, आणि ते बरं झालं.

असे मजकूर मी बरेच वाचले आहेत. 'आमच्या परीचं नाव अमुक, म्हणजे तेजस्वी, पवित्र, देवाची देणगी.' तीच तीन विशेषणं दहा वेगवेगळ्या नावांखाली दिसतात. ती येतात नावांच्या याद्यांमधून. अशा याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, आणि एका यादीत शिरलेला चुकीचा अर्थ पुढच्या सगळ्यांत जातो. आरव हे नाव गेल्या काही वर्षांत किती मुलांचं असेल! त्याचा अर्थ बहुतेक याद्या 'शांत' असा देतात. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज आणि 'आरव' म्हणजे मोठा आवाज, आरोळी, आक्रोश. जन्मताच टाहो फोडून साऱ्या घराला आपण आल्याचं कळवणाऱ्या मुलाला याहून चपखल नाव नसेल. नावात काही खोट नाही, फोटोखालचा अर्थ तेवढा उलटा आहे. उद्या हाच मुलगा शाळेत संस्कृत घेईल, शब्दकोश उघडेल, आणि आपल्या बारशाच्या फोटोखाली आपल्याच माणसांनी काय लिहिलं होतं ते त्याला दिसेल.

खोटा अर्थ ओळखणं तसं अवघड नाही. यादीत नावाची फोड दिलेली नसते. कोणता धातू, कोणता प्रत्यय, कोणत्या ग्रंथात आलं, यातलं काहीच नसतं, नुसती गोड विशेषणं असतात. आणि वामन शिवराम आपट्यांच्या 1890 च्या संस्कृत कोशात किंवा मोल्सवर्थच्या मराठी कोशात तो शब्द त्या अर्थानं सापडत नाही. दोन्ही कोश आता घरबसल्या पाहता येतात. चार ओळी लिहिण्याआधी एवढं तरी पाहायला हवं.

मी रेवाचे अर्थ यादीतून उतरवून घेतले. गतिमान, तारा, रती, पवित्र नदी. मग एकेकाच्या मागे लागले. 'तारा' हा अर्थ कुठे मिळेना. बहुधा तो रेवतीवरून आला असावा. रेवती हे सत्ताविसावं नक्षत्र, पण तो शब्द 'रेवत्' म्हणजे धनवान यावरून आलेला आहे. त्याचा आणि रेवाचा संबंध कानाला वाटतो तेवढाच. 'रती' मात्र खरा निघाला. कोशांत रेवा हे कामदेवाच्या पत्नीचंही एक नाव दिलेलं आहे. शिवाय नीळ ज्या झुडपापासून काढतात त्या झुडपालाही रेवा म्हणतात. एकाच शब्दाला इतकी बिऱ्हाडं असली की फोटोखाली सगळी मांडून चालत नाही. आपण कोणत्या घरातून हे नाव उचललं, ते आधी ठरवावं लागतं.

उरली नदी. अमरकोशात नर्मदेची चार नावं ओळीनं येतात, त्यांत पहिलं रेवा. मग नर्मदा, सोमोद्भवा आणि मेकलकन्यका. मेकल म्हणजे अमरकंटकचा डोंगर, तिचा बाप. नर्मदा म्हणजे नर्म, आनंद, देणारी. आणि रेवा ज्या 'रेव्' धातूवरून येते त्याचा अर्थ धातुपाठात प्लवगती असा दिला आहे, म्हणजे उड्या मारत जाणं. यादीतला 'गतिमान' हा अर्थ इथून घरंगळत आलेला. पण गतिमान आगगाडीही असते. उडी मारत जाणं हे नदीच्या एका विशिष्ट वागण्याचं वर्णन आहे, आणि ही नदी खरोखरच तशी वागते. अमरकंटकला उगम पावली की थोड्याच अंतरावर कपिलधारेला ती कड्यावरून खाली झेप घेते. जबलपूरजवळ भेडाघाटला धुवांधार. पुढे महेश्वरला पात्रभर खडक पसरले आहेत, त्यांतून तिचे इतके ओहोळ होतात की त्या जागेला सहस्रधारा म्हणतात. मेघदूतात कालिदासानं यक्षाच्या तोंडून ढगाला हीच रेवा दाखवली आहे. विंध्याच्या पायथ्याशी खडकांनी फुटून पसरलेली, हत्तीच्या अंगावर काढलेल्या नक्षीच्या रेघांसारखी. काळाकरडा हत्ती आणि त्यावर पांढरे पट्टे. सहस्रधारेच्या काठी उभं राहिलं की ही उपमा कुठून आली असेल ते कळतं. कालिदासानं इथे नर्मदा हा शब्द घेतला नाही, रेवा घेतला. फुटत, उसळत जाणाऱ्या नदीला तोच शोभतो.

इथपर्यंत आल्यावर पहिला मसुदा तयार झाला: 'रेवा हे नर्मदेचं जुनं नाव. उड्या घेत, खळाळत जाणारी ती रेवा.' अर्थ बरोबर, वाक्य स्वच्छ. तरी माझं समाधान होईना. हा मजकूर जगातल्या कुठल्याही रेवाच्या फोटोखाली चालला असता. आमची रेवा रेवा का झाली, हे त्यात कुठेच नव्हतं. शब्दाचा अर्थ कोशात असतो, पण नाव त्या घरी कसं आलं ते फक्त घरातल्या माणसांना ठाऊक असतं. ते लिहून ठेवलं नाही तर एका पिढीत पुसलं जातं. माझ्या स्वतःच्या नावाचा अर्थ मला कोशात मिळतो. ते कुणी सुचवलं, कशावरून सुचवलं, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

मग मी भावजयीलाच विचारलं. आधी तिनं अक्षराची गोष्ट सांगितली. मुलगी स्वाती नक्षत्राच्या दुसऱ्या चरणावर जन्मली. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, असे 108 चरण होतात, आणि अवकहडा चक्रात प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून दिलेलं आहे. स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता. दुसऱ्या चरणाला रे. पत्रिकेतलं नावरस नाव या अक्षरावरून ठेवतात. बोलवायचं नाव त्यावरूनच हवं असा नियम जुन्या लोकांनी कधी केला नव्हता, आणि करता आलाही नसता. हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर ण आहे, आर्द्रेच्या तिसऱ्याचं ङ, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याचं ञ. या अक्षरांनी कुठलं नाव सुरू होणार? म्हणून नामकरणात कुलदेवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून अशी नावं वेगळी आणि व्यवहाराचं नाव वेगळं. अक्षर जुळलंच पाहिजे हा आग्रह अलीकडे वाढला आहे, आणि त्यापायी ओढूनताणून जुळवलेली, कशाचाच अर्थ नसलेली नावं येतात. आमच्याकडे तसा आग्रह कुणाचाच नव्हता. गुरुजींनी 'रे' सांगितलं मात्र, भावजय तिथल्या तिथे म्हणाली, 'मग रेवा!' जणू ती त्या अक्षराची वाटच पाहत होती.

ती इंदूरची. होळकरांच्या वेळी तिकडे गेलेल्या असंख्य मराठी घरांपैकी एक तिचं. इंदूर काही नर्मदेच्या काठावर नाही. नदी दक्षिणेला, विंध्याच्या घाटाखाली, आणि शहर वर माळव्याच्या पठारावर. पाण्याचे हाल होते, म्हणून 1970 साली इंदूरकरांनी नर्मदा शहरात आणा म्हणून आंदोलन केलं. 1978 मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर नळातून, पंपांनी घाट चढवून, नर्मदा इंदूरला पोचली. तेव्हापासून तिथल्या घरांत नळाच्या पाण्याला पाणी म्हणत नाहीत, नर्मदा म्हणतात. 'नर्मदा आली का?' 'आज नर्मदा नाही.' घरात बोअरचा नळ वेगळा आणि नर्मदेचा नळ वेगळा.

भावजयीच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत नर्मदा दिवसाआड, पहाटे यायची. तिची आजी आधी उठून नळाशी बसायची. पाणी यायच्या आधी नळातून हवेचा फुत्कार होई, मग खडखडाट, आणि एकदम धार. आजी पितळी कळशी भरून बाजूला ठेवायची, तिला हात जोडून मोठ्यांदा 'नर्मदे हर' म्हणायची, आणि त्या हाकेनं अख्खं घर उठायचं. कोण बादल्या लावतंय, कोण वरच्या टाकीची मोटर सुरू करतंय, कोण कपडे भिजवतंय. तासाभरात सगळं भरून घ्यायचं. भावजय म्हणाली, 'ताई, मला रेवा म्हटलं की घाट किंवा देऊळ दिसतच नाही. नळाचा फुत्कार ऐकू येतो आणि आजीचा आवाज.' महेश्वरला ती पुढे शाळेच्या सहलीतून गेली, सहस्रधारा पाहिली, पण तेव्हा तिला वाटलं होतं की ही तर आपल्याकडे येते तीच.

मला हवं होतं ते मिळालं. डोंगरावरून उड्या घेत खाली जाणारी नदी या मुलीच्या आईपर्यंत डोंगर चढून आली होती. कोशातला अर्थ आणि घरातलं कारण एकाच नदीची दोन टोकं निघाली.

आजी, म्हणजे रेवाची पणजी, इंदूरला आहे. तब्येतीमुळे बारशाला यायची नव्हती, म्हणून मसुदा तिला फोनवर वाचून दाखवला. तिनं लगेच अडवलं. मी लिहिलं होतं, 'पहिल्या हंड्याला हात जोडून.' ती म्हणाली, 'हंडा नव्हे गं, कळशी. आणि पहिली तर मुळीच नव्हे. पहिलं पाणी गढूळ यायचं, ते तुळशीला आणि जास्वंदीला. पाणी निवळलं की मग कळशी लावायची.' एवढ्या बारकाव्यानं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. मला ते फार मोलाचं वाटतं. गढूळ पाणी झाडांना आणि निवळलेलं कळशीत, हे जिनं रोज केलं तिलाच माहीत. असा मजकूर लिहिताना घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला एकदा वाचून दाखवावा, तो सुधारला जातोच.

दुसरा मसुदा भावानं केला होता. त्यात शेवटी होतं, 'नदीसारखी सगळे अडथळे पार करत पुढे जावो.' त्यामागची माया मला कळत होती, तरी ते वाक्य काढायला मी त्याला सांगितलं. हा मजकूर ती दहा-बारा वर्षांनी वाचेल. एखाद्या अडथळ्यापाशी ती थांबली, रडली, मागे फिरली, तर तिचंच नाव तिच्याविरुद्ध साक्षीला उभं राहायला नको. पाचवीच्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती येऊन बाळाच्या कपाळी पुढचं सगळं लिहून जाते, अशी आपली जुनी समजूत. पुढचं लिहिणं तिच्याकडे असू द्यावं. आपल्याला माहीत आहे ते मागचं. भावानं मान डोलावली आणि वाक्य खोडलं.

आणखी एक गोष्ट एका नात्यातल्या काकांनी काढली. मनुस्मृतीत तिसऱ्या अध्यायात नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी वधू म्हणून निवडू नये असं सांगितलं आहे, तेव्हा मुलीला नदीचं नाव कशाला? वचन खरं आहे, मी ते पाहिलं. पण आपल्या मुलखानं ते कधीच मानलेलं नाही. गोदावरी, कृष्णा, यमुना, भागीरथी, सिंधू, कावेरी, नर्मदा या नावांच्या आज्या-पणज्या ज्या घरात नाहीत असं मराठी घर शोधून सापडायचं नाही, आणि त्या सगळ्या सुना म्हणूनच त्या घरांत आल्या. गृह्यसूत्रांचा दुसरा नियम मुलीच्या नावात विषम अक्षरं असावीत असा. रेवाची अक्षरं दोन. सीतेचीही दोनच. काकांना मी हे शांतपणे सांगितलं, आणि त्यांनीही मोकळेपणानं मान्य केलं.

बारशाच्या दिवशी कुंची घातलेला वरवंटा आणि बाळ पाळण्याच्या खालून-वरून फिरलं, गोविंद-गोपाळाची देवघेव झाली. मी वाकून तिच्या उजव्या कानात नाव सांगितलं, आणि कुर्रर्र म्हणताच पाठीत ठरलेले धपाटे बसले. फोटो काढला तेव्हा ती झोपली होती, एक वाळा मोज्यात अडकलेला. त्याखाली हा मजकूर गेला:

'रेवा हे नर्मदेचं जुनं नाव. रेव् म्हणजे उड्या घेत जाणं. हिची आई इंदूरची. तिथे नर्मदा घाट चढून नळाला येते. पहाटे पाणी निवळलं की पणजी कळशी भरायची, हात जोडून नर्मदे हर म्हणायची, आणि त्या हाकेनं आई जागी व्हायची. बाळाचा जन्म स्वातीच्या दुसऱ्या चरणावर, अक्षर रे. आईनं त्याच क्षणी नाव सांगितलं. आत्यानं ते आज कानात सांगितलं.'

बारशाच्या मजकुरात नळ कशाला, असं एक-दोघींना वाटलं. घाट लिहा, आरती लिहा, अमरकंटक लिहा. भावजय ठाम होती, नळ राहणार. मलाही तेच पटलं. त्या मजकुरातला तोच एक शब्द आहे जो दुसऱ्या कुठल्या रेवाच्या फोटोखाली येणार नाही.

नावाचं एक काम मात्र अजून बाकी होतं. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. ती दवाखान्यातून आधीच झाली होती, नावाचा रकाना रिकामा ठेवून. तसा तो ठेवता येतो. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण आईबापांनी हे लांबणीवर टाकू नये, कारण दाखला शाळेत लागतो, आधारला लागतो, आणि तिथे झालेली अक्षराची चूक पुढे प्रत्येक कागदावर उतरते. भाऊ फॉर्म भरायला बसला आणि इंग्रजी स्पेलिंगपाशी अडला. व्ही घालायचा की डब्ल्यू? डब्ल्यू घातला तर तेच मध्य प्रदेशातल्या रीवा शहराचं स्पेलिंग होतं, आणि परक्या माणसानं ते रीवा वाचलं की उड्या घेत जाणारी नदी गेलीच. भावजयीनं पेन हातात घेतला आणि व्ही लिहिला. मग मराठीच्या रकान्यात तिनं 'रे'ची मात्रा ठळक काढली, आणि सहीसाठी फॉर्म भावापुढे सरकवला.